हवामान नकाशाची पाच ओळींची नोंद: चित्र गेल्यावरही नकाशा पुन्हा काढता यावा म्हणून

तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्या फोनमधली जागा संपली. मी गुड मॉर्निंगच्या फुलांचे फोटो पुसायला बसलो आणि त्यांच्यासोबत जून-जुलैचे सगळे हवामान नकाशे पुसून टाकले. पुन्हा शोधायला गेलो तर त्याच लिंकवर ताजा नकाशा उघडायचा, कारण तिथे नवा नकाशा आला की जुना जातो. वहीत नोंद होती, पण ती अशी: "छत्तीसगडवर गोल, खाली रेषा जवळजवळ." गोल किती मोठा, रेषा कोणत्या आकड्याची, खाली म्हणजे रायपूरच्या खाली की नागपूरच्या? त्या नोंदीवरून मलाच काही काढता येईना.

तेव्हापासून नकाशा उघडला की आधी वही घ्यायची, मग फोटो सेव्ह करायचा, अशी सवय लावून घेतली. आमच्याकडे टॉवर गेला की अर्धाच नकाशा उघडतो, किंवा दिवसभर उघडतच नाही. शेजारच्या गावातला मित्र फोनवर विचारतो, "काय जी, दाब कुठी आहे आज?" त्याला चित्र दाखवता येत नाही, सांगावं लागतं. म्हणून नोंद अशी हवी की ती ऐकून दुसऱ्याने कोऱ्या नकाशावर तेच चित्र काढावं.

हे नवीन काही नाही. जहाजावर चित्र पोहोचवणं शक्य नव्हतं तेव्हा नकाशा आकड्यांच्या गटांत बांधून रेडिओवर पाठवत आणि जहाजावरचा माणूस तो ऐकून कागदावर काढत असे. त्या सांकेतिक पद्धतीचं नाव आयएसी फ्लीट. तिचा क्रम असा: आधी दाबाची केंद्रं, मग फ्रंट म्हणजे थंड आणि उबदार हवेची सीमा, मग समदाब रेषा म्हणजे सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा. मीही साधारण तोच क्रम धरतो, कारण काढतानाही तोच सोयीचा पडतो.

पहिली ओळ: कोणता नकाशा, किती वाजताचा

ही ओळ सगळे टाळतात आणि पुढे घोळ इथेच होतो. नकाशाच्या कोपऱ्यात वेळ UTC मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. 0300 UTC म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, 1200 UTC म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. वहीत मी भारतीय वेळच लिहितो आणि तारीख त्या वेळेप्रमाणे टाकतो, नाहीतर रात्रीच्या नकाशाची तारीख चुकते.

वेळ इतकी का महत्त्वाची, तर दाब रोज आपोआप वर-खाली होतो. आपल्याकडे तो सकाळी दहाच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या आसपास उतरतो. हा फरक साधारण ३ हेक्टोपास्कलचा असतो. सकाळच्या नकाशात नागपूरला ९९९ आणि संध्याकाळच्या नकाशात ९९७ दिसलं, तर कमी दाब जवळ आला असं नवख्याला वाटतं. बहुतेक वेळा ती फक्त दुपार झालेली असते. तुलना करायची तर आज साडेआठची काल साडेआठशी.

वेळेनंतर नकाशा कोणत्या पातळीचा तेही लिहायचं. आपल्याला हवा तो समुद्रसपाटीच्या दाबाचा. त्याच पानावर ८५० हेक्टोपास्कलचाही नकाशा असतो, पण तो साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा असतो आणि त्यातल्या रेषा दाबाच्या नसतात. एकदा त्या नकाशातलं "८५०" मी केंद्राचा दाब म्हणून लिहून बसलो होतो. असला दाब खरंच जमिनीवर उतरला, तर ते आजवरच्या कुठल्याही वादळात न दिसलेलं प्रकरण ठरेल.

दुसरी ओळ: केंद्र

नकाशावर जिथे कमी दाबाचा "L" लिहिलाय ती जागा जवळच्या दोन गावांच्या आधारे लिहायची. "पेंड्रारोडवर" किंवा "जबलपूर आणि अंबिकापूर यांच्या मधोमध" अशी. कडेला आकडे छापलेले असतील तर अक्षांश-रेखांशही टाका. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे अर्ध्या अंशापर्यंत वाचलं तरी पुष्कळ.

मग केंद्राभोवती पूर्ण वळसा घेऊन स्वतःला मिळणाऱ्या रेषा मोजायच्या आणि त्यांचे आकडे लिहायचे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नकाशात रेषा २ हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात. एक बंद रेषा असेल तर ते बहुधा कमी दाबाचं क्षेत्र, दोन असतील तर डिप्रेशन, तीन असतील तर तीव्र डिप्रेशन. शेवटचा निर्णय वाऱ्याच्या वेगावर होतो (डिप्रेशनला ताशी ३१ किलोमीटर तरी लागतो), पण चित्र हातून जाणार असेल तर बंद रेषांची संख्या ही सगळ्यात दणकट खूण आहे.

तिसरी ओळ: लांब रेषा, म्हणजे पट्टा किंवा फ्रंट

इथे शब्दांनी आकार सांगायचा मोह आवरा. "वायव्येकडून थोडी वाकडी येऊन खाली जाते" यावरून पाच जण पाच रेषा काढतील. रेषा ज्या गावांवरून जाते त्यांची माळ लिहायची. हवामान विभाग आपल्या बुलेटिनमध्ये मान्सूनचा पट्टा असाच सांगतो: जैसलमेर, कोटा, गुना, दमोह अशी नावं एकापुढे एक. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं, आणि रेषा जिथे वळते तिथलं गाव सोडायचं नाही. सरळ भागात दोन गावं पुरतात.

आपल्या नकाशात फ्रंट शोधत बसू नका. थंड आणि उबदार हवेची धारदार सीमा हे प्रामुख्याने वरच्या अक्षांशांचं काम. आपल्याकडे बहुतेक वेळा कमी दाबाचा पट्टा किंवा दोन बाजूंचे वारे जिथे भेटतात ती रेषा मिळते. पण हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभाचा माग काढायला इराण, युरोपपर्यंतचा नकाशा उघडलात, तर फ्रंट दिसतील. तिथे गावांच्या माळेसोबत आणखी दोन गोष्टी लिहा: प्रकार आणि दात कोणत्या बाजूला. निळी रेषा आणि त्रिकोणी दात म्हणजे कोल्ड फ्रंट, लाल रेषा आणि अर्धगोल म्हणजे वॉर्म फ्रंट. जांभळ्या रेषेवर त्रिकोण आणि अर्धगोल आळीपाळीने एकाच बाजूला असतील तर ऑक्लुडेड फ्रंट. हेच दात विरुद्ध बाजूंना असतील तर फ्रंट जागीच थांबलेला असतो. पहिल्या तीन प्रकारांत दात ज्या बाजूला, त्या बाजूला फ्रंट सरकतोय. दातांची बाजू लिहिली नाही तर नुसत्या रेषेवरून ती कुठून येतेय आणि कुठे चाललीय हे कळत नाही. त्या परदेशी नकाशांत समदाब रेषा बहुतेक ४ हेक्टोपास्कलच्या अंतराने असतात, म्हणून अंतरही टिपून ठेवा.

चौथी ओळ: समदाब रेषा

सगळ्या रेषा लिहू नका. आपल्या भागातून जाणारी एक, तिच्या आतली एक, बाहेरची एक, अशा तीन पुरे. प्रत्येकीचा आकडा आणि गावांची माळ.

पाचवी ओळ: एका हवामान ठाण्याचा दाब आणि वारा

ही ओळ पडताळणीसाठी. मी नागपूर धरतो. काही नकाशांत ठाण्याजवळ तीन आकडी दाब छापलेला असतो, त्यातला शेवटचा आकडा दशांश असतो आणि पुढचे आकडे गाळलेले असतात. ५०० पेक्षा लहान संख्या असेल तर पुढे १० लावा, मोठी असेल तर पुढे ९. म्हणजे ०२४ हे १००२.४ आणि ९७१ हे ९९७.१. वाऱ्याच्या काडीला शेपूट ज्या बाजूला, तिकडून वारा येतो. लांब रेघ १० नॉट, आखूड ५.

आता ही पाच ओळींची नोंद पूर्ण पाहू. सरावासाठी मी पावसाळ्यातला एक नेहमीच्या धाटणीचा नकाशा घेतलाय. मुलांना शिकवताना हाच वापरतो.

१. सकाळी ८.३०, समुद्रसपाटी, रेषा २ च्या अंतराने.
२. केंद्र पेंड्रारोडवर. बंद रेषा दोन: ९९४, ९९६.
३. पट्टा: जैसलमेर, कोटा, गुना, दमोह, पेंड्रारोड, झारसुगुडा, चांदबाली, पुढे समुद्रात.
४. ९९६: नरसिंहपूर, सिवनी, गोंदिया, कांकेर, राउरकेला, प्रयागराज, परत नरसिंहपूर. ९९८: उदयपूर, उज्जैन, अमरावती, चंद्रपूर, जगदलपूर. १०००: सुरत, नांदेड, वारंगळ, विशाखापट्टणम.
५. नागपूर ९७१, वारा पश्चिम-वायव्येकडून १५ नॉट.

लिहायला पाच-सात मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात पंधरा लागतील, कारण पेंड्रारोड कुठे ते शोधावं लागतं. छत्तीसगडच्या उत्तरेला, बिलासपूरच्या वरच्या अंगाला. हवामान नकाशा वाचायला लागल्यावर अशी वीस-पंचवीस गावं आपोआप ओळखीची होतात.

चित्र नसताना पुन्हा काढणं

शाळेच्या मुलांसाठी दुकानात मिळतो तो भारताचा कोरा नकाशा घ्या आणि पेन्सिल. नोंदीतली गावं आधी ठिपक्यांनी मांडा. मग केंद्र, मग पट्टा, शेवटी समदाब रेषा. फ्रंट असेल तर तो समदाब रेषांच्या आधी काढायचा, कारण समदाब रेषा फ्रंटवर येऊन कोपरा घेतात. फ्रंट नंतर काढला की सगळ्या रेषा गोलगोल होऊन बसतात आणि पुसाव्या लागतात.

रेषा जोडताना फुटपट्टी वापरू नका, ठिपक्यांमधून हात सैल ठेवून वळवा. वरच्या नोंदीतली ९९८ ची रेषा उज्जैनहून अमरावतीकडे खाली उतरते, चंद्रपूरशी पूर्वेला झुकते आणि जगदलपूरकडे जाते. काढून झाली की केंद्राकडे पोट केलेली नव्हे, तर केंद्राला कवेत घेणारी दिसली पाहिजे.

आता पडताळणी, दोन प्रकारांनी.

पहिली दाबाची. नागपूर ९९६ आणि ९९८ या दोन रेषांच्या मध्ये पडतं. नकाशावर मोजलं तर सिवनी-गोंदियाची रेषा नागपूरपासून ईशान्येला सुमारे ११० किलोमीटर आणि अमरावती-चंद्रपूरची रेषा नैऋत्येला सुमारे ९५. म्हणजे जवळपास मधोमध, दाब ९९७ च्या आसपास हवा. पाचव्या ओळीत ९७१, म्हणजे ९९७.१ आहे. जुळलं. तिथे ९८९ लिहिलेलं असतं तर ९९८.९ झालं असतं, म्हणजे नागपूर ९९८ च्या रेषेच्या बाहेर गेलं असतं. अशा वेळी एक तर आकडा चुकलाय किंवा रेषेचं एखादं गाव. बहुतेक वेळा गाव चुकलेलं असतं.

दुसरी वाऱ्याची. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्या गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला येतो. हा नियम डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांच्या नावाने ओळखला जातो, १८५७ चा आहे, आणि बांधावर उभं राहूनही तपासता येतो. नागपुरात वारा वायव्येकडून येत असेल तर पाठ वायव्येला, तोंड आग्नेयेला आणि डावा हात ईशान्येला, म्हणजे पेंड्रारोडकडे. जमिनीच्या घर्षणामुळे वारा रेषेला तंतोतंत समांतर न वाहता थोडा आत, केंद्राकडे वळतो, म्हणून वायव्येऐवजी पश्चिम-वायव्य मिळालं तर चालतं. पण नोंदीत पूर्वेचा वारा लिहिलेला असेल तर तुमचं केंद्र नागपूरच्या दक्षिणेला हवं होतं. मग दुसरी ओळ पुन्हा बघा.

या दोन्ही कसोट्यांवर उतरलेल्या चित्रावरून कामाची गोष्ट वाचता येते. पावसाळी डिप्रेशनमध्ये सर्वांत जोराचा पाऊस केंद्राच्या नैऋत्य भागात पडतो. पेंड्रारोडवर केंद्र असताना तो भाग म्हणजे दक्षिण छत्तीसगड आणि आपला पूर्व विदर्भ: गोंदिया, भंडारा, गडचिरोली, नागपूर. अकोला-बुलढाण्याच्या माणसाने हाच नकाशा पाहून फवारणी थांबवायची की नाही, हे मात्र या एका चित्रावरून ठरवू नये. त्याला दुसऱ्या दिवशीचं साडेआठचं केंद्र बघून ते पश्चिमेकडे किती सरकलं हे मोजावं लागेल. दोन दिवसांच्या दुसऱ्या ओळी शेजारीशेजारी ठेवल्या की ते दोन मिनिटांत होतं.

नोंद केलीच नव्हती तर

चित्र पाहिलं, लिहिलं नाही आणि ते गेलं, असंही होतं. मग लगेच बसून आठवेल ते लिहा, पण त्याच पाच ओळींत, आणि आठवत नाही तिथे रेघ ओढून मोकळे व्हा. केंद्राची जागा आणि बंद रेषांची संख्या बहुतेकांना आठवते, रेषांचे आकडे आठवत नाहीत. आकडा आठवल्यासारखा वाटला तर शेजारी "आठवणीतून" असं लिहा. मग हवामान विभागाचं त्याच दिवसाचं बुलेटिन शोधा. ते मजकुरात असतं, कमी नेटवर्कवरही उघडतं, आणि पट्ट्याची माळ त्यात तयार मिळते. म्हणजे तिसरी ओळ पूर्ण भरून निघते आणि दुसरी बरीचशी.

बुलेटिन वाचताना एक सांभाळायचं. त्यात "समुद्रसपाटीपासून ०.९ किमी उंचीवर विदर्भापासून तामिळनाडूपर्यंत पट्टा" अशी वाक्यंही येतात, खास करून उन्हाळ्यात, गारपिटीच्या दिवसांत. तो पट्टा वरच्या हवेतला आहे. समुद्रसपाटीच्या नकाशात तो काढलात तर समदाब रेषांशी जुळणार नाही आणि तुम्ही बरोबर असलेल्या रेषा खोडत बसाल. वेगळ्या रंगाने, उंची लिहून, बाजूला काढा.

आणि फोनमधल्या बॅरोमीटरचा आकडा या नोंदीत घालू नका. तो जिथे उभे आहात तिथला दाब दाखवतो, नकाशा समुद्रसपाटीला आणलेला दाखवतो. दर १०० मीटर उंचीला दाब साधारण ११ हेक्टोपास्कलने कमी होतो. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, म्हणजे नकाशात ९९७ असेल तेव्हा तिथला फोन ९६३ च्या आसपास दाखवेल. माझ्या पुतण्याने एकदा तो आकडा बघून गावभर चक्रीवादळ येतंय म्हणून सांगितलं होतं. दोन घरांनी कडबा आत घेतला.

फोनवर सांगताना

नोंद दुसऱ्याला वाचून दाखवायची असेल तर रेंज नसलेल्या ठिकाणी आपले मराठी आकडेच दगा देतात. "शहाण्णव", "सत्त्याण्णव" आणि "अठ्ठ्याण्णव" खरखरीत एकसारखे ऐकू येतात. एकदा माझं ९९६ पलीकडे ९९८ झालं आणि मित्राच्या कागदावर ९९८ च्या दोन रेषा आल्या, एक गोंदियावरून, दुसरी अमरावतीवरून. त्याने आपणहून फोन केला: "भाऊ, एकाच आकड्याच्या दोन रेषा एकामागून एक, मध्ये काहीच नाही. आत दाब कमी होत जायला पाहिजे ना? ९९६ कुठी गेली?" त्याची शंका बरोबर होती. तेव्हापासून आम्ही आकडे सुटे सांगतो: नऊ, नऊ, सहा. गावांची नावं दोनदा. आणि शेवटी तो मला पाचही ओळी परत वाचून दाखवतो, मगच फोन ठेवायचा.